वेतनश्रेणीतल्या शिक्षकाने ऑनलाइन शिकवणी घेतली, तर एका तासाचे खरे किती मिळतात?

वर्गमूळ

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि नोकरीला चौदा वर्षे झाली आहेत. वेतनश्रेणी ठरलेली असल्यामुळे पुढची वेतनवाढ कधी आणि किती मिळणार हे मी आजच सांगू शकते. मात्र त्या आकड्यात घराचा हप्ता आणि मुलीचे पुढचे शिक्षण ही दोन्ही कामे भागत नाहीत. म्हणून संध्याकाळी ऑनलाइन शिकवणी सुरू करण्याचा विचार आहे.

प्रत्येकाची श्रेणी वेगळी असते, त्यामुळे रकमा न लिहिता माझा महिन्याचा पगार १०० धरते. आठ विद्यार्थ्यांचा एक गट, आठवड्यातून तीन दिवस एकेक तास, म्हणजे महिन्याला साधारण १३ तास. प्रत्येकाकडून ३ घेतले, तर २४ जमा होतात. शाळेचे काम, वह्या आणि सभा धरून महिन्याला सुमारे १५० तास होते, म्हणजे तिथे तासाला ०.६७ पडतात आणि शिकवणीत १.८५. शाळेच्या जवळजवळ तिप्पट! हा हिशेब इतका चांगला दिसतो आहे की त्यात काहीतरी सुटले असावे, अशी मला शंका येते. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी काय सुटले ते सांगावे.

जुना फळा

ताई, हिशेबाआधी एक प्रश्न विचारतो, कारण त्याचे उत्तर नकारार्थी असेल तर पुढचे आकडे मांडण्यात अर्थ नाही. तुमच्या नेमणूकपत्रात आणि सेवानियमांत खासगी शिकवणीबद्दल काय लिहिले आहे? हे देशागणिक बदलते. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. चीनने २०२१ मध्ये शालेय वयाच्या मुलांसाठी मुख्य विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्याच बंद केल्या. काही ठिकाणी मनाई नाही, परंतु पूर्वपरवानगी लागते, आणि काही ठिकाणी फक्त स्वतःच्या शाळेतले विद्यार्थी घेऊ नयेत एवढीच अट असते. शिकवणी ऑनलाइन असली म्हणजे ती शिकवणी राहत नाही, असा समज बऱ्याच शिक्षकांचा असतो. तो चुकीचा आहे. नियम शिकवण्याच्या कामाला लागू होतो, ते कोणत्या खोलीत किंवा पडद्यावर चालते याला नव्हे.

वर्गमूळ

सर, मी जिथे काम करते तिथे पूर्वपरवानगीची अट आहे. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे आणि त्यांची हरकत नाही.

जुना फळा

बोलणे झाले म्हणजे परवानगी मिळाली असे धरू नका. मी सतरा वर्षे शिकवले आणि त्यानंतर नऊ वर्षे पर्यवेक्षक होतो. त्या काळात अशा जेवढ्या तक्रारी माझ्यासमोर आल्या, त्यांतल्या बहुतेकींत तोंडी संमती होती आणि ती देणारी व्यक्ती दरम्यान बदली होऊन गेली होती. अर्ज लेखी द्यावा. त्यात विषय, इयत्ता, आठवड्याचे तास आणि वेळ लिहावी, आपल्या शाळेतला कोणताही विद्यार्थी घेणार नाही हे स्पष्ट म्हणावे, आणि शाळेचे खाते, उपकरणे व प्रश्नपत्रिका वापरणार नाही हेही लिहावे. उत्तर लेखी घ्यावे आणि दरवर्षी नव्याने अर्ज करावा. त्यातही वेळ नेमकी लिहावी. सायंकाळी सात ते आठ असे लिहिले असेल, तर शाळेच्या वेळेत केल्याचा आरोप टिकत नाही.

वाटसरू

एवढे कशाला करायचे? वर्ग पतीच्या किंवा भावाच्या नावावर सुरू करावा, शुल्क त्यांच्या खात्यात जमा करावे. आमच्या ओळखीतले अनेक जण असेच करतात आणि कोणी विचारत नाही.

हिशेबनीस

याला माझा स्पष्ट विरोध आहे. मी करसल्लागार आहे. कष्ट ज्याचे, उत्पन्न त्याचे, हे तत्त्व बहुतेक करव्यवस्थांत या ना त्या रूपात असते, त्यामुळे खाते दुसऱ्याचे असले तरी प्रश्न सुटत नाही. शिवाय आठ मुले आणि त्यांचे पालक आठवड्यातून तीनदा ताईंचा आवाज ऐकणार आहेत. अशा वेळी परवानगी न घेणे ही एक चूक होते आणि ती लपवण्यासाठी दुसऱ्याचे नाव वापरणे ही तिच्याहून मोठी. चौकशीत पहिलीची समज देऊन सुटका होऊ शकते, दुसरीची होणे कठीण असते.

आता तुमच्या २४ बद्दल. जिथे कराचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, तिथे जोडउत्पन्न पगाराच्या वर रचले जाते आणि त्यावर तुमचा सरासरी दर न लागता सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर लागतो. समजा पगारावर सरासरी १० टक्के कर जात असेल, तर शिकवणीच्या रकमेवर २० टक्के जाणे अगदी शक्य आहे. पगारातून तो आधीच कापला जातो, शिकवणीतून कोणी कापत नाही. वर्षअखेरीस एकदम भरायची वेळ आली की रक्कम खर्च होऊन गेलेली असते. म्हणून शुल्क जमा झाले, त्याच दिवशी पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा. इंटरनेट, लेखणीची पाटी, वर्गाचे सॉफ्टवेअर यांच्या पावत्याही जपाव्यात, कारण अनेक ठिकाणी हा खर्च वजा होतो.

सांजवेळ

मला विज्ञानाचा ऑनलाइन गट चालवून तीन वर्षे झाली. ताई, तुम्ही विचारलेले ‘सुटलेले’ मी पहिल्या वर्षी घड्याळ लावून मोजले होते, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्याच आकड्यांत बसवून पाहू.

शिकवण्याचे तास १३. प्रत्येक तासाची तयारी पहिल्या वर्षी पाऊण तासाच्या खाली येत नाही, कारण वर्गात फळ्यावर सहज काढलेली आकृती पडद्यासाठी आधी करून ठेवावी लागते. हे महिन्याला १० तास. आठवड्याला एक छोटी चाचणी घेतली आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या फोटोला दहा मिनिटे लागली, तर सात मुलांचे महिन्याला ५ तास. सात अशासाठी म्हणते की आठ कधीच टिकत नाहीत, वर्षभराची सरासरी एखाद्याने खाली येते. यानंतर येते ती गोष्ट, जी मी अजिबात धरली नव्हती: पालकांचे आणि मुलांचे संदेश. ‘आजचा तास बुडाला, थोडक्यात सांगाल का’, ‘हे उदाहरण कसे सोडवायचे’, ‘याची प्रगती कशी आहे’. रोज वीस मिनिटे म्हटले, तरी सव्वीस दिवसांचे साडेआठ तास होतात. बुडालेल्या तासांची भरपाई २, शुल्काची आठवण आणि नोंद १. सगळे मिळून साडेएकोणचाळीस, म्हणजे ४० तास.

आता जमेची बाजू. सात मुलांचे २१. त्यातून खर्चाचे २ गेले, राहिले १९. त्यावर हिशेबनीस म्हणतात तसा २० टक्के कर गेला की हातात १५.२ येतात. त्यांना ४० ने भागले की तासाला ०.३८. शाळेचे कर वजा जाता ९० धरले, तर १५० तासांना ०.६० पडतात. म्हणजे पहिल्या वर्षी तुमची शिकवणी शाळेच्या तिप्पट नव्हे, दोनतृतीयांशापेक्षाही कमी देईल.

वर्गमूळ

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. संदेशांचे साडेआठ तास माझ्या मनातही आले नव्हते. मग तुम्ही तीन वर्षे हे का चालू ठेवले?

सांजवेळ

कारण चाळीसचे तेवीस करता येतात, आणि ते शुल्क न वाढवता. दुसऱ्या वर्षी तोच अभ्यासक्रम असल्यामुळे तयारीचे १० तास ३ वर आले. संदेशांसाठी मी रविवारी सकाळची अर्ध्या तासाची वेळ ठरवली आणि प्रवेश देतानाच पालकांना लिहून दिले की एरवी उत्तर मिळणार नाही; त्यामुळे साडेआठचे २ झाले. पहिले दोन आठवडे पालक नाराज होते आणि एकाने मुलाला काढूनही घेतले. चाचणीची उत्तरे मी आता तासातच सोडवते आणि मुले स्वतःच्या चुका स्वतः रंगीत पेनाने नोंदवतात, मी फक्त त्या नोंदी पाहते; ५ चे ३ झाले. भरपाईचा तास मी देत नाही, महिन्यातून एकदा सगळ्यांसाठी शंकांचा तास ठेवते. तो १, शुल्काचे काम घटले तरी १ च धरू. १३, ३, ३, २, १, १ मिळून २३. तेच १५.२ भागिले २३ केले की ०.६६ येतात, म्हणजे शाळेच्या बरोबरीने किंवा किंचित वर.

अभ्यासक्रम बदलला की तयारी पुन्हा पूर्वपदावर जाते, हे मात्र लक्षात ठेवा. आमच्याकडे मागच्या वर्षी दोन प्रकरणे नवी आली आणि त्या दोन महिन्यांत मला झोप कमी पडली.

नवा अंकुर

मग हे सगळे टाळून तास रेकॉर्ड का करू नयेत? एकदा चित्रफीत केली की ती कितीही जणांना विकता येते, तयारीचा वेळ शून्य आणि उत्पन्न चालूच. मी याच मार्गाचा विचार करतो आहे.

सांजवेळ

तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, कारण दुसऱ्यांदा शिकवण्याचा वेळ खरोखर वाचतो. तथापि तासाभराची पाहण्यायोग्य चित्रफीत करायला मला सहा ते आठ तास लागले: लिहिणे, बोलणे, अडखळलेले कापणे, आवाज नीट करणे. आणि विकत घेतलेली चित्रफीत मुले शेवटपर्यंत बघतातच असे नाही. शालेय वयाच्या मुलाला कोणीतरी आपली वाट पाहत आहे ही जाणीव लागते, पालकही मुख्यतः त्याचेच पैसे देतात. मी आता रेकॉर्ड केलेली दहा-दहा मिनिटांची प्रकरणे फक्त तास बुडालेल्या मुलाला पाठवते. ‘थोडक्यात सांगाल का’ हा संदेश त्यामुळे जवळजवळ बंद झाला.

जुना फळा

चित्रफितींबाबत एक सावधगिरी. शाळेसाठी, शाळेच्या वेळेत तयार केलेले स्वाध्याय आणि प्रश्नसंच अनेक ठिकाणी नोकरीच्या करारानुसार शाळेच्या मालकीचे असतात. ‘मीच केले आहेत’ हे खरे असले तरी पुरेसे नसते. शिकवणीचे साहित्य वेगळ्या वेळी, स्वतःच्या संगणकावर, नव्याने करावे.

मायबाप

माझा मुलगा आठवीत आहे आणि त्याला बीजगणित अजिबात जमत नाही. या धाग्यावरचे कोणी शिक्षक त्याला घेतील का? एकट्याला शिकवले तर उत्तम.

वर्गमूळ

दादा, हा धागा शिक्षकांच्या हिशेबाबद्दल आहे आणि माझी परवानगी अजून आलेली नाही, त्यामुळे मी आत्ता कोणालाच घेऊ शकत नाही. मात्र तुमच्या प्रश्नावरून एक शंका आली. गट किती जणांचा असावा? आठ जास्त होतात का?

सांजवेळ

गणितासाठी माझ्या मते होतात. वर्गात मुलगा x − 3 = 7 मधला उणे तीन पलीकडे नेताना उणेच ठेवतो, तेव्हा आपण त्याच्या खांद्यावरून ती ओळ लिहिली जातानाच पाहतो. पडद्यावर तसे दिसत नाही. कॅमेऱ्यात कपाळ असते, वही नसते. मी मुलांना फोन पुस्तकांच्या ढिगाऱ्यावर आडवा ठेवून कॅमेरा वहीकडे करायला सांगते. त्या चौकटी पाच असतील तर मला पाचही वह्या वाचता येतात, सातव्या-आठव्याला अक्षर ठिपक्यांसारखे होते. दुसरी युक्ती अशी की प्रत्येकाने फक्त पुढची एक ओळ चॅटमध्ये टंकायची, पण मी म्हटल्याशिवाय पाठवायची नाही. सगळ्यांनी एकदम पाठवले की कोण स्वतः विचार करतो आणि कोण आधी आलेले उत्तर उतरवतो, हे लगेच कळते. x = 4 लिहिणारा मुलगा तिथेच सापडतो, नाहीतर तो चाचणीपर्यंत सापडत नाही.

पाऊलखुणा

मी माझा अनुभव लिहावा की नाही, या विचारात होते. सहा वर्षांपूर्वी मी माझ्याच वर्गातल्या पाच मुलांची शिकवणी घेत होते, कारण पालकांनीच विनंती केली होती. मी कोणालाही ‘या’ असे म्हटले नव्हते. अंतर्गत मूल्यमापनात शिकवणीला न येणाऱ्या एका मुलीला कमी गुण मिळाले. ते मी प्रामाणिकपणे दिले होते, तिची प्रकल्पवही अपुरी होती. तिच्या वडिलांनी तक्रार केली. चौकशी चार महिने चालली आणि मला गुणांची प्रत्येक नोंद दाखवावी लागली. आरोप सिद्ध झाला नाही, परंतु मला त्या इयत्तेवरून काढण्यात आले. खरे दुःख त्याचे नव्हते. नंतर मी जुन्या उत्तरपत्रिका पुन्हा वाचल्या, तेव्हा शिकवणीतल्या एका मुलाला मी दोन ठिकाणी ‘याला हे येते’ असे मनाशी धरून अर्धवट उत्तराला पूर्ण गुण दिले होते. मला ते देताना कळलेही नव्हते. म्हणून ताई, आपल्या शाळेतली मुले घेऊ नका, परवानगी मिळाली तरीही घेऊ नका.

जुना फळा

तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. तक्रारींच्या फायलींत हा दुसरा भाग कधीच नसतो. त्याला जोडून आणखी एक लक्षण सांगतो, जे पर्यवेक्षक म्हणून मी पाहत असे. शाळेतला धडा घाईत संपतो आणि ‘सविस्तर नंतर पाहू’ असे वाक्य वारंवार येऊ लागते. शिक्षकाने ठरवून केलेले नसते. ज्याने संध्याकाळी तेच प्रकरण नीट शिकवायचे ठरवले आहे, त्याला सकाळी ते उरकावेसे वाटते. म्हणून शाळेत जी इयत्ता शिकवता, ती सोडून दुसरी इयत्ता शिकवणीला घ्यावी, असे माझे मत आहे.

हिशेबनीस

इथे मी असहमत आहे. वेगळी इयत्ता घेतली की तयारीचे १० तास पहिल्या वर्षी १५ होतील. ज्या ०.३८ वर आपण थांबलो, ते आणखी खाली जातील. नैतिकदृष्ट्या तुमचे म्हणणे योग्य असेल, पण त्याची किंमत ताईंच्या झोपेतून वसूल होणार.

शिवाय या सगळ्या तुलनेवरच माझा एक आक्षेप आहे. शाळेच्या तासाला ०.६० मिळतात हे खरे, परंतु शाळेत एक तास जास्त थांबले तर कोणी आणखी ०.६० देणार आहे का? श्रेणी ठरलेली आहे. तेव्हा शिकवणीच्या तासाची तुलना शाळेच्या तासाशी न करता त्या संध्याकाळी दुसरे काय झाले असते त्याच्याशी करायला हवी. हप्ता थकत असेल, तर ०.३८ सुद्धा कमी नाहीत.

सांजवेळ

हे मान्य, मात्र एका अटीवर. त्या ४० तासांतले काही तास शाळेच्याच वह्यांमधून चोरले गेले नाहीत, याची खात्री हवी. माझ्याकडून पहिल्या वर्षी ते झाले. शाळेच्या वह्या दहा दिवस उशिरा परत जाऊ लागल्या होत्या, आणि ते माझ्या विद्यार्थ्यांनी मला सांगितले.

वर्गमूळ

सगळ्यांचे आभार. मी असे ठरवले आहे: आठऐवजी पाच मुले, तीनऐवजी दोन दिवस आणि शंकांसाठी आठवड्यातली एकच वेळ. लेखी अर्ज आज दिला. उत्तर येईपर्यंत कोणाकडूनही शुल्क घेणार नाही. सुरू झाल्यावर चार आठवडे प्रत्येक मिनिटाची नोंद करीन आणि माझ्या शाळेच्या वह्या किती दिवसांत परत जातात तेही लिहीन. इयत्तेबाबत जुना फळा सर आणि हिशेबनीस यांच्यात माझे मन अजून दोलायमान आहे.

एक प्रश्न मात्र राहतो. शिकवणीतल्या एखाद्या मुलाने मधल्या काळात आमच्या शाळेत प्रवेश घेतला आणि तो माझ्याच वर्गात आला, तर काय करायचे?

जुना फळा

प्रवेश झाला त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवावे आणि त्या महिन्याचे उरलेले शुल्क परत करून त्याची शिकवणी थांबवावी. प्रवेशाच्या वेळी पालकांना द्यायच्या पत्रात हे वाक्य आधीच घालून ठेवा, म्हणजे त्या दिवशी वाद होणार नाही.

पाऊलखुणा

आणि त्याच्या अंतर्गत गुणांची तपासणी त्या वर्षापुरती दुसऱ्या शिक्षकाकडे सोपवण्याची विनंती त्याच पत्रात करा. माझ्या वेळी ती सोय आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते.